जून आणि जुने

जबाब

दि. १९/११/२०२५

नाव वर्षाराणी बालाजी गोरे, वय २० वर्षे, धंदा शिक्षण, अभियांत्रिकी तिसरे वर्ष, शाखा संगणक, मूळ राहणार माकणी, ता. लोहारा, जि. धाराशिव, सध्या मुलींचे वसतिगृह, उमरगा.

मी वरील ठिकाणी राहते. मला पोलीस ठाण्यातून बोलावणे आलेले नव्हते. मी स्वतःहून आले आहे. सोबत माझे वडील आहेत, ते बाहेर बाकड्यावर बसले आहेत. मी यात पडू नये असे त्यांचे म्हणणे आहे. तरी समक्ष हजर राहून सांगते ते असे.

आमच्या कॉलेजच्या लॅबचे प्रमुख श्रीनाथ सर यांनी काल दिलेल्या तक्रारीत, माझ्या वर्गातील बिरू माणिकप्पा बंडगर, वय २१, रा. नळदुर्ग, याने लॅबच्या सर्व्हरवरील डेटा डिलीट केला व पुरावा राहू नये म्हणून सर्व्हरची हार्डडिस्क चोरून नेली, असे लिहिले असल्याचे मला समजले. त्यातील डेटा बिरूने डिलीट केलेला नाही. तो मी केला. हार्डडिस्क बिरू घेऊन गेला हे खरे आहे, पण ती सर्व्हरमधून स्क्रू काढून मी त्याच्या हातात दिली. चोरी लिहायची असेल तर दोघांच्या नावावर लिहावी.

सर्व्हर म्हणजे लॅबच्या कोपऱ्यात ठेवलेला एक साधा कॉम्प्युटर आहे. त्याला दोन डिस्क आहेत. लहान डिस्कवर कॉम्प्युटर चालू होण्यापुरते सामान असते. मोठ्या डिस्कवर सगळ्या मुलांच्या फायली असतात आणि त्या भागाला आम्ही डेटा म्हणतो. मी लॅब प्रतिनिधी असल्याने सरांनी मला सर्व्हरचा मुख्य पासवर्ड दिलेला होता. तो बिरूकडे नव्हता. ही गोष्ट तक्रारीत नाही, म्हणून मुद्दाम सांगते.

काल मंगळवारी दुपारी दोन वाजता आमची प्रॅक्टिकल परीक्षा होती. सकाळी लॅब उघडल्यावर मुली सांगू लागल्या की फाइल सेव्ह होत नाही. मी पाहिले तर डेटाची डिस्क शंभर टक्के भरलेली होती. सर बाहेरगावाहून येणाऱ्या परीक्षकांना आणायला गेले होते. मी त्यांना व्हॉट्सॲपवर कळवले. त्यांचे उत्तर आले ते जसेच्या तसे असे: june folder kadhun tak, 2 chya aat jaga kar.

लिहून घेणाऱ्या ताईंनी मला विचारले की यात काय अडचण आहे. अडचण अशी की आपण सगळेच फोनवर मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितो. सरांना म्हणायचे होते, जुने फोल्डर काढून टाक. म्हणजे जे कोणते जुने असतील ते. मी डेटामध्ये यादी काढली. त्यात सरांनी स्वतः केलेले फोल्डर होते, kachra, navin, juna_21, juna_22. सरांना अशी मराठी नावे द्यायची सवय आहे. आणि त्याच यादीत june नावाचा एक फोल्डर होता. अक्षर न् अक्षर सरांच्या मेसेजसारखा. सर म्हणतात तो हाच, असे मी धरले. त्याची जागा मोजली तर नव्वद जीबीच्या वर भरली. एवढे मोठे आणि जुने, म्हणजे हेच काढायचे, अशी माझी खात्री झाली.

तो फोल्डर बिरूचा होता. त्याला नाव होते जून, महिना जून. सरांनी लिहिले ते मराठीत, मी वाचले ते मराठीत आणि बिरूने नाव दिले होते ते इंग्रजीत. यात कोणी खोटे बोलत नाही. सरही खोटे बोलत नाहीत. त्यांनी जुने काढ म्हटले आणि मी जुने म्हणून जून काढला.

मी पहिल्यांदा काढायला गेले तेव्हा सर्व्हरने नकार दिला. हा फोल्डर तुझ्या मालकीचा नाही, परवानगी नाही, असा त्याचा अर्थ होतो. तेव्हाच थांबून, बाई हा कोणाचा आहे, एवढे बघितले असते तर बिरूचे नाव समोर दिसत होते. मी बघितले नाही. दोन वाजायच्या आत जागा करायची होती आणि माझ्याकडे मुख्य पासवर्ड होता. मी तीच आज्ञा पुढे सुडो लावून पुन्हा दिली: sudo rm -rf june. सुडो म्हणजे मालकाच्या अधिकाराने. आर म्हणजे आत जे जे आहे ते सगळे. एफ म्हणजे मला काही विचारू नकोस. तिथे कचऱ्याचा डबा नसतो. आपल्या घरच्या कॉम्प्युटरवर डिलीट केलेले डब्यात पडते आणि परत आणता येते, तसे इथे होत नाही. आज्ञा संपली आणि पुढची ओळ आली. सर्व्हर झाले असेही म्हणत नाही. मी सरांना zala sir असे कळवले. त्यांचा अंगठा आला. तो मेसेज माझ्या फोनमध्ये आहे व फोन मी दाखवला आहे.

मला बरे वाटले होते, हेही लिहा. काम झटक्यात केले म्हणून माझी मान ताठ झाली होती.

थोड्या वेळाने बिरू लॅबमध्ये आला. तो खिडकीजवळच्या मशीनवर बसतो. त्याने सकाळीच सर्व्हरवर एक प्रोग्राम चालू करून ठेवलेला होता आणि पडद्यावर त्याचे आकडे पुढे सरकत होते. त्याने दुसरी एक फाइल उघडायला घेतली तर ती सापडेना. त्याने मला हाक मारली, "वर्षे, जून कुठंय?" मी म्हटले, "कुठला जून?" तो म्हणाला, "माजा फोल्डर गं. सर्व्हरवरचा." मी त्याला सरांचा मेसेज दाखवला. त्याने तो वाचला आणि खुर्चीत मागे टेकून बसला. ओरडला नाही. मी म्हटले की मेंढ्यांचे रेकॉर्डिंग आहे ना, तुझ्याकडे कॉपी असेल. तो म्हणाला, "वर्षे, त्यात अण्णा हायत."

बिरूच्या प्रोजेक्टबद्दल सांगते. त्यांच्या घरी मेंढ्या आहेत. मेंढी आजारी पडायच्या आधी तिचा खोकला बदलतो, तो आवाजावरून कॉम्प्युटरने ओळखावा, असा त्याचा प्रोजेक्ट आहे. जूनमध्ये सुट्टीत घरी असताना त्याने रोज संध्याकाळी वाड्यात, म्हणजे मेंढ्यांच्या काट्याच्या कुंपणात, रेकॉर्डर लावला. रात्रभराची एक फाइल, अशा महिनाभराच्या फायली. रेकॉर्डरचे कार्ड एकच होते, म्हणून रोज सकाळी फाइल लॅपटॉपवर घेऊन कार्ड पुसायचे. पुढे लॅपटॉप भरला तेव्हा त्याने सगळे सर्व्हरवर आणले आणि लॅपटॉपवरचे काढले. सर्व्हरवर आहे म्हणजे सुरक्षित आहे, असे आम्हाला पहिल्या वर्षापासून सांगितलेले आहे. सर्व्हरची वेगळी कॉपी कुठेही ठेवलेली नाही, हे काल कळले.

संध्याकाळी मेंढ्या वाड्यात घेताना त्याचे वडील माणिकप्पा, म्हणजेच अण्णा, त्यांना हाका मारायचे. रेकॉर्डर तेव्हा चालू असायचा. ऑगस्टमध्ये नळदुर्गजवळ हायवे ओलांडताना ट्रकची धडक बसून माणिकप्पा गेले. बिरूने कॉलेजात रजेच्या अर्जावर घरगुती काम एवढेच लिहिले होते. मलाही काल कळले. त्यांच्याजवळ साधा बटणाचा फोन होता. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही.

मी तेव्हा रडले. बिरू रडला नाही. तो पडद्याकडे बघत होता. म्हणाला, "ह्ये चालू कसं हाय मग?" त्याचा प्रोग्राम अजून चालत होता. जून फोल्डर काढून टाकला होता, तरी त्यातील अठरा नंबरच्या फाइलचे आकडे पुढे जात होते.

याचे कारण ठाण्याच्या साहेबांना मी तोंडी समजावले, ते असे लिहिले आहे. फाइल डिलीट केली म्हणजे ती पुसली जात नाही. ग्रामपंचायतीच्या नोंदीतून घराचा नंबर खोडला म्हणून घर पडत नाही, तसे. फक्त नोंद जाते आणि ती जागा मोकळी धरली जाते. दुसऱ्या कोणी तिथे बांधकाम केले की मग जुने घर खरोखर जाते. आणि घरात माणूस बसलेला असेल, तर तो उठून जाईपर्यंत ती जागा मोकळीसुद्धा धरली जात नाही. बिरूचा प्रोग्राम अठरा नंबरची फाइल उघडून बसलेला होता. तो फाइल वाचून संपवेल आणि बंद करेल, तेव्हा तीही सुटणार होती. आकडा ऐंशी टक्क्यांच्या पुढे गेला होता.

प्रोग्राम बंद केला तर फाइल सुटणार आणि चालू ठेवला तरी थोड्या वेळाने सुटणार. तो आहे तिथे गोठवायचा होता. त्याची आज्ञा आहे kill -STOP. नाव मारण्याचे आहे, पण ती मारत नाही, नुसते थांबवते. बिरूने किल एवढे टाइप केले आणि हात मागे घेतला. म्हणाला, "तू नक्की सांगतीस न्हवं?" थोड्या वेळापूर्वी अशाच खात्रीने मी त्याचे सगळे घालवले होते. मी म्हटले, नक्की. त्याने बटण दाबले. आकडे थांबले.

चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामला सर्व्हर नंबर देतो, आणि त्या नंबराच्या आत त्याने उघडलेल्या फायलींची यादी असते. तिथे अठरा नंबरची फाइल दिसली आणि तिच्यापुढे डिलीटेड असे लिहिलेले होते. तिथूनच आम्ही ती कॉपी केली. त्या डिस्कवर केली असती तर दुसऱ्या हरवलेल्या फायलींच्या जागेवर बसली असती, म्हणून बिरूचा पेनड्राइव्ह सर्व्हरलाच लावून, तिथेच बसून त्यावर घेतली. तीन जीबीची फाइल, पेनड्राइव्ह जुना, त्यामुळे वेळ लागला. त्या वेळात मी लॅबच्या नेटवर्कची मुख्य वायर काढून ठेवली, कारण बाकीच्या मशीनवरून कोणीही एक फाइल जरी सेव्ह केली तरी ती कुठल्या रात्रीवर बसेल हे सांगता येत नाही. मुलींनी आरडाओरडा केला. वायर मी काढली, बिरूने नाही.

एक रात्र मिळाली. बाकीच्या रात्रींची नोंद गेली होती, पण आवाज डिस्कवर होते आणि माझ्या माहितीप्रमाणे अजून आहेत. नावे परत येणार नाहीत, तारखा येणार नाहीत. पण आवाजाच्या प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला ठरलेली अक्षरे असतात. ती अक्षरे शोधत सगळी डिस्क चाळता येते आणि तिथून पुढचे उचलता येते. फाइल तुकड्यांत पडलेली असेल तर अर्धवट मिळते. सोलापुरात हे काम करणारे दुकान आहे. फोनवर ते म्हणाले, डिस्कवर आता एक अक्षरही लिहू नका, बंद करा आणि घेऊन या.

मी श्रीनाथ सरांना फोन करून सर्व्हर बंद ठेवावा लागेल असे सांगितले. फोन स्पीकरवर होता. सर म्हणाले, "अगं एक्स्टर्नल माझ्या गाडीत बसलेत. सर्व्हर बंद म्हणजे काय?" बिरूने विनंती केली की एक दिवस द्या, नाहीतर दुसरी डिस्क तरी द्या, तिच्यावर कॉपी काढून घेतो. सर म्हणाले, "दुसरी डिस्क आता कुठून आणू? दोन वाजता प्रॅक्टिकल होणार म्हणजे होणार. मेंढ्या कुठं पळून चालल्यात का? परत रेकॉर्ड कर." सरांना माणिकप्पांचे माहीत नव्हते. मी सांगायला पाहिजे होते. तोपर्यंत फोन बंद झाला होता.

साठ मुले दोन तास लिहिणार होती, म्हणजे साठ घरे त्या जागेवर बांधली जाणार होती. मी बिरूला म्हटले, डिस्क काढू या. तो नको म्हणाला. "वर्षे, कॉलेजचं हाय ते," असे त्याचे शब्द आहेत. मी ऐकले नाही. त्याने गोठवलेला प्रोग्राम बंद केला, मी डेटाची डिस्क रीतसर सोडवली, सर्व्हर बंद केला, झाकण उघडून चार स्क्रू काढले. ते स्क्रू मी सरांच्या टेबलावर डस्टरजवळ ठेवले आहेत. चोराने स्क्रू जपून ठेवल्याचे मी तरी ऐकलेले नाही. डिस्कला धक्का चालत नाही म्हणून बिरूने ती टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर धरली आणि सोलापूरच्या गाडीत बसला. मी परीक्षेसाठी थांबले. परीक्षा झाली नाही.

नळदुर्गच्या स्टँडवर त्याला पोलिसांनी उतरवून घेतले. तो पळाला नाही. टॉवेल हिसकू नका, एवढेच म्हणाला, असे मला समजले. डिस्क ताब्यात घेऊन त्याला रात्री घरी सोडले.

बिरूची डिसेंबरमध्ये पुण्याच्या एका कंपनीत मुलाखत आहे. त्यांना पोलिसांचा दाखला लागतो. त्याच्या नावावर चोरी लागली तर ते त्याला दारातही उभे करणार नाहीत. पण काल रात्री त्याच्याशी बोलणे झाले तेव्हा त्याने मुलाखतीचे नावही काढले नाही. डिस्क कॉलेजला परत देणार का, एवढेच तो विचारत होता.

म्हणून माझी विनंती अशी. सदर डिस्क मुद्देमाल म्हणून कापडात शिवून, लाखेचे सील करून आपल्या कपाटात ठेवलेली आहे. ती तिथेच सुरक्षित आहे. ती कॉलेजच्या ताब्यात दिली तर त्याच दिवशी सर्व्हरमध्ये बसवतील आणि मुले तिच्यावर लिहायला लागतील. तपासासाठी ठाण्यातील कॉम्प्युटरला नुसती जोडून बघितली तरी तो तिच्यावर आपले काहीबाही लिहू शकतो. आधी, तिच्यावर लिहिता येणार नाही अशा साधनाने जोडून, तिची हुबेहूब प्रत काढावी. मग मूळ डिस्क ज्याची त्याला द्यावी. जोडल्यावर जून फोल्डर दिसणार नाही, त्यामुळे यात काही नाही असे कोणी लिहू नये. दिसत नाही आणि नाही, यात फरक आहे. मला शिक्षा व्हायची ती होऊ द्या. पण प्रत निघेपर्यंत डिस्क उघडू नका.

साहेबांनी विचारले की हरवलेला आवाज खरोखर आहे याचा काही पुरावा आहे का. बिरूने काल रात्री घरून पेनड्राइव्हवरून मला अठरा नंबरच्या फाइलची सुरुवात पाठवली आहे. ती मी साहेबांच्या टेबलावर फोनमधून वाजवली. ऐकायला साहेब, ताई आणि मी होतो. नंतर माझे वडीलही दारात येऊन उभे राहिले.

त्यात पहिल्यांदा घंट्यांचा आवाज आहे. मग एक मोठा माणूस मेंढ्यांना नावाने हाक मारून आत घेतो, "चल चंद्रे, चल गं भुंडे, तू कुठं चाललीस?" मध्ये एक मेंढी खोकते. त्यानंतर बिरूचा आवाज येतो, "अण्णा, तारीख म्हणा." रोजच्या फाइलला सुरुवातीला वडिलांनी तारीख सांगायची, असे त्या दोघांचे ठरलेले होते, असे बिरू म्हणतो. माणिकप्पा रेकॉर्डरजवळ येतात, घसा खाकरतात आणि म्हणतात, "आज जुनं अठरा."

बिरू हसतो. म्हणतो, "जुनं न्हाय अण्णा. जून."

"व्हय का? चुकलं बग. मंग पुसून टाक त्ये, म्या परत म्हंतो."

"ऱ्हाऊ द्या अण्णा."

पुढे परत मेंढ्या आहेत. साहेबांनी कपाटाची किल्ली ताईंना मागितली, सील बघितले आणि पिशवीवर प्रत निघेपर्यंत जोडू नये असे लाल पेनने लिहिले.

हा जबाब मी सांगितला तसा ताईंनी कॉम्प्युटरवर घेतला, छापला आणि मला मराठीतून मोठ्याने वाचून दाखवला. तो बरोबर आहे. एका ठिकाणी जून ऐवजी जुने असे पडले होते. ताई ते मशीनवर पुसून नवीन पान काढणार होत्या. मी नको म्हटले. तो शब्द पेनाने एका रेघेत खोडला आहे, वर जून लिहिले आहे आणि बाजूला माझी सही आहे. खोडलेला शब्द खालून वाचता येतो.

समक्ष सही,
वर्षाराणी बालाजी गोरे